पंचवीस-बावीस

अनुश्रीनं बेरीज तिसऱ्यांदा केली आणि आकडा तोच आला. सार्थक, चौसष्ट. चारुलताताई, पन्नास. आता यात नवल काय, असं कोणी म्हणेल. नवल हे की सार्थक तो सामना हरला होता आणि चारुताई तिचा जिंकली होती.

हिंदी मुलखातल्या स्नेहलतागंज मोहल्ल्यात एका छापखान्याच्या वर दोन खोल्यांत कॅरम क्लब आहे. तिथलं रजिस्टर अनुश्रीकडे. दहावीची पोर, अक्षर चांगलं, आणि गणितात चूक काढली नाही तर तिला जेवण जात नाही. क्लबच्या चिंतामणकाकांचं चष्म्याचं दुकान, ते दिवसभर दुसऱ्यांचे नंबर काढतात, पण आकडे मांडायचे म्हटलं की "ए अनु, तूच देख ले" म्हणून मोकळे. तेव्हा दीड वर्षापासून प्रत्येक बोर्डाचे गुण तिनेच लिहिले आहेत. बोर्ड म्हणजे एक डाव, तो संपला की हरणाऱ्याच्या जेवढ्या सोंगट्या उरल्या तेवढे गुण जिंकणाऱ्याला, राणी त्याने घेतली असेल तर आणखी तीन. बावीसला पोचल्यावर मात्र राणीचे मिळत नाहीत. पंचवीसला गेम. गेम संपला की हरणाऱ्यानं आकड्याखाली सही करायची, ही क्लबची जुनी रीत. म्हणजे नंतर कोणी "मेरे तो इतने नहीं थे भिया" म्हणायला नको.

आज रविवार होता. सहा वाजेपर्यंत तीन नावं जिल्हा संघटनेकडे पाठवायची होती, राज्य स्पर्धेसाठी. आठ खेळाडू, प्रत्येकाचे सात सामने, आणि मोसमभराचे सगळे गुण मिळवून ज्याचे जास्त तो वर. भिंतीवरची यादी अशी होती: यशवर्धन तीनशे त्र्याण्णव, देवांश तीनशे बहात्तर, पियुष तीनशे एकोणपन्नास. चौथी चारुलता, तीनशे छत्तीस.

पियुष अनुश्रीचा सख्खा भाऊ.

बावीस वर्षांचा. ऑटो पार्टच्या दुकानात काउंटरवर उभा राहून राहून त्याचे पाय सुजायचे. खेळाडू कोट्यातल्या नोकरीचा फॉर्म त्याने भरून ठेवला होता, फक्त राज्य स्पर्धेच्या सर्टिफिकेटची झेरॉक्स लावायची बाकी होती. आईनं तो फॉर्म कपाटात साड्यांच्या खाली सपाट ठेवला होता, घडी पडू नये म्हणून. घरात दोन महिने दुसरा विषयच नव्हता.

आणि ही बया, अनुश्री, यादी सुवाच्य उतरवायला बसली ती हे घेऊन बसली.

तिनं पानं मागे उलटली. पूर्वी क्लबमध्ये एकच बोर्ड होता, म्हणून सामना एका गेमचा. जिंकणाऱ्याला पंचवीस, हरणाऱ्याला त्याचे जे असतील ते. तेव्हा गुणांची बेरीज ठीकच होती, जिंकल्याशिवाय पंचवीस कोणाला मिळतच नव्हते. गेल्या वर्षी दुसरा बोर्ड आला, वेळ मिळायला लागला, मग तीनपैकी दोन गेम जिंकायचे असं ठरलं. सगळे खूश. बेरजेकडे कोणी बघितलंच नाही. आता जो सरळ दोन गेममध्ये उरकतो त्याला पन्नास मिळतात, संपलं. जो रडतखडत तीन गेम खेळतो तो सत्तरच्या वर जातो. हरणाऱ्यालासुद्धा साठ-पासष्ट पडतात. म्हणजे चांगलं खेळाल तितकं नुकसान.

चारुताई सातपैकी सहा सामने जिंकली होती, सहाही सरळ. सहा पन्नास तीनशे, आणि यशवर्धनकडून हरली त्याचे छत्तीस. पियुष चारच जिंकला होता. त्या चारांचे बहात्तर, एकाहत्तर, त्र्याहत्तर, बहात्तर.

इथपर्यंत नियमाची चूक होती. अनुश्रीला वाटलं, सांगून टाकू, काका बघतील. मग तिची नजर त्या चार सामन्यांच्या मधल्या गेमवर गेली. चारही सामन्यांत पियुष पहिला गेम आरामात जिंकला होता. तिसराही. आणि चारही वेळा दुसरा हरला होता, बावीसवर, एकवीसवर, तेवीसवर, बावीसवर. सार्थकबरोबरच्या गेममध्ये तो चार बोर्डांनंतर बावीस-चारने पुढे होता. तीन गुण हवे होते फक्त. त्यानंतर सलग चार बोर्ड गेले. पाच, सहा, सात, तीन. सार्थक पंचवीस. खाली पियुषची सही, ऐटीत, शेपूट ओढून.

तिनंच लिहिले होते ते आकडे. त्या दिवशी तिला दादाची दया आली होती, हेही तिला आठवलं.

पियुष साडेचारला आला. ती जिन्यात उभी राहिली, वर जाऊ दिलं नाही.

"दादा, दुसरा गेम तू मुद्दाम सोडायचास?"

त्याने आधी हसून बघितलं. मग तिच्या काखेतलं रजिस्टर बघितलं.

"कोणाला बोललीस?"

"कोणालाच नाही."

"मग बोलू पण नको." तो एक पायरी वर चढला, आवाज उतरवला. "सुन, नियम मी बनवला का? काकांनी बनवला. मी फक्त हिशोब लावला. कोणाची गोटी चोरली नाही, कोणाला धक्का मारला नाही. हारलोच ना मी? हारण्याला कोण चीटिंग म्हणतं?"

"चारुताई सहा जिंकलीये."

"तिला नोकरी आहे, अनु. हॉस्पिटलची, पर्मनंट. ती शौक म्हणून खेळते." तो थांबला. त्याच्या कपाळावर घाम होता. "तुला चूक काढायचीये ना, काढ. सोमवारी काढ. पुढच्या मोसमापासून सगळं नीट कर, मी स्वतः काकांना सांगेन की बहिणीनं शोधलं. फक्त आजचे दीड तास गप्प बस. एवढं पण नाही करणार?"

लहानपणापासून त्याने तिच्याकडे काही मागितलं नव्हतं. तिची ट्यूशनची फी त्याच काउंटरवरून यायची. हे तो बोलला नाही, आणि बोलला नाही म्हणूनच तिला जास्त लागलं. ती वाटेतून बाजूला झाली.

पाच वाजता सगळे जमले. चारुताई ड्यूटीवरून सरळ आली होती, नर्सच्या पांढऱ्या ड्रेसवर स्वेटर. आठवड्यातून दोनदा यायची, आपले सामने खेळायची आणि पळायची, दुसऱ्यांचं काय चाललंय ते तिला कधी कळलंच नव्हतं. तिनं भिंतीवरची यादी वाचली, "चलो, तेरा से रह गई," म्हणाली आणि स्वेटरची बाही उगाच ओढत बसली.

काकांनी लॅपटॉप उघडला. "हां अनु, नावं वाच."

गप्प बसणं किती सोपं होतं. तीन नावं वाचायची, घरी जायचं, आई शिरा करणार होती.

"काका, बेरजेत गडबड आहे."

"कुठे? तूच केलीस ना?"

"बेरीज बरोबर आहे. पद्धत चूक आहे." आणि तिनं सार्थकचे चौसष्ट आणि चारुताईचे पन्नास वाचून दाखवले. दोनदा वाचावे लागले. सार्थक म्हणाला, "अरे, मतलब मला हारून जास्त मिळाले?" आणि हसला. काका हसले नाहीत. चष्मा काढून त्यांनी रजिस्टर डोळ्यांजवळ धरलं आणि बराच वेळ धरून ठेवलं.

"दुसरा बोर्ड आणला तेव्हाच बदलायला पाहिजे होतं," ते शेवटी म्हणाले. "माझ्या डोक्यातच नाही आलं यार."

यशवर्धन क्लबचा सगळ्यात चांगला खेळाडू, आणि त्याला काही फरक पडत नव्हता. तो कसाही पहिलाच. म्हणून त्याचं बोलणं सगळ्यांना पटायचं. "काका, चूक आहे मान्य. पण अख्खा मोसम याच नियमावर खेळलो. आता शेवटच्या तासाला बदलणं पण बरोबर नाही. नियम सगळ्यांना सारखा होता. पुढच्या वेळेपासून बदला."

बात तर खरी होती. देवांशने मान हलवली, काकांनीही हलवली. पियुष खिडकीशी उभा होता, त्याचा श्वास सुटलेला अनुश्रीला इथून दिसला.

"सारखा नव्हता," अनुश्री म्हणाली.

"काय?"

"ज्यांना माहीत नव्हतं त्यांना सारखा होता."

काकांनी तिच्याकडे नीट बघितलं. "कोणाला माहीत होतं?"

खाली छापखान्याचं मशीन रविवारचं बंद होतं, तेवढा आवाजही नव्हता आधाराला. पियुष तिच्याकडे बघत होता. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर तिला सोपं गेलं असतं.

तिनं पान उघडलं आणि वाचायला लागली. तारीख, दुसरा गेम, बावीस-चार, मग पाच, सहा, सात, तीन. पुढची तारीख, दुसरा गेम. नाव घेतलं नाही. तिसऱ्या तारखेला ती अडखळली, तरी चौथी वाचली. सगळ्यांत हरणारा एकवीस ते तेवीसमध्ये, सगळ्यांत तिसरा गेम त्याचाच.

"सही कोणाची आहे?" काकांनी विचारलं.

"पियुषदादाची."

पियुष म्हणाला, "हो."

चारुताई हळूच बोलली. "मला वाटायचं मीच कमी पडते. दोन महिने पहाटे उठून प्रॅक्टिस केली मी."

त्यावर पियुषने मान खाली घातली. यशवर्धनही मग नियमाचं काही बोलला नाही. काकांनी ठरवलं ते पाच मिनिटांत: आधी जिंकलेले सामने मोजायचे, सामने सारखे असले तर जिंकलेले गेम, तेही सारखे असतील तरच गुणांचा फरक. यशवर्धन सात, चारुलता सहा, देवांश पाच. पियुष चार. पाच चाळीसला मेल गेला. काकांची दोन बोटं टाइप करत होती, नावाचं स्पेलिंग अनुश्रीला सांगावं लागलं.

खाली पियुष स्कूटरवर बसून होता. ती पायीच निघाली तर म्हणाला, "बैस." सिग्नलला तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, त्याने झटकला नाही, पण खांदा लाकडासारखाच राहिला.

आई दारातच. हातात झारा, तोंडावर सगळा आनंद तयार.

"झालं?"

अनुश्रीनं तोंड उघडलं. पियुषने चप्पल काढता काढता सांगितलं, "नाही झालं. चारुताईकडून हरलो मी. पंचवीस-सात, पंचवीस-नऊ."

ते खरंच होतं. तोही सामना रजिस्टरमध्ये होता, त्याखालीही त्याची सही होती.

आईचा चेहरा उतरला. ती अनुश्रीकडे वळली. "तुझ्याकडेच असतं ना गं ते रजिस्टर? नीट बघितलंस ना? कुठे दादाचे गुण सुटले तर नाहीत?"

पियुष आत जाता जाता थांबला, पाठमोरा.

"नीट बघितलं, आई," अनुश्री म्हणाली. "काही सुटलं नाही."

मग आईनं कपाट उघडलं, साड्यांखालून फॉर्म काढला, आणि मधोमध घडी घातली.