गुडघ्याची गोळी यादीत नव्हती

फार्माकॉलॉजीचा पेपर मी दुसऱ्यांदा देणार होते, आणि या वेळी सुटला नाही तर पुढच्या वर्षाचं नाव काढायचं नाही, असं सासूबाईंनी सांगून ठेवलं होतं. नववीत माझी शाळा सुटली. कोकणातून लग्न होऊन मध्य प्रदेशात सौसरला आले, इथे बाहेरून बसून दहावी-बारावी केली आणि पांढुर्ण्याला डी. फार्मसी धरली, ती माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या भरवशावर. माझ्या वाटणीचा स्वयंपाक त्यांनी आपल्याकडे घेतला होता. ते कधी बोलून दाखवलं असतं तर मला बरं वाटलं असतं. त्या बोलत नव्हत्या, म्हणून जीव जास्तच खालीवर व्हायचा.

पहिल्यांदा मी नापास झाले ती औषधांची एकेक नावं घोकून. कोणत्या गोळीबरोबर कोणती चालत नाही, कशानं काय त्रास होतो, सगळं ओळीनं पाठ. पेपरात ओळीबाहेरचं नाव आलं की हात थांबायचा. कॉलेजातल्या मॅडमनी उत्तरपत्रिका समोर ठेवून सांगितलं होतं, नाव सोडा, गट धरा. गट काय करतो ते कळलं की नवं नावही ओळखीचं वाटतं. मी मान हलवली आणि घरी येऊन नावांच्या शेवटावरून गट पाडले. ‘झोल’वाली सगळी एकाच ढिगात टाकली. ओमेप्राझोल आम्लपित्ताचं, फ्लुकोनाझोल बुरशीचं, मेट्रोनिडाझोल जंतूंचं नि जुलाबाचं. वही दाखवली तेव्हा मॅडम हसल्या नाहीत, हेच लागलं. शेपूट सारखं म्हणून जात एक होत नाही, एवढंच म्हणाल्या.

पेपरच्या आदल्या दुपारी जाऊबाई अंगणात संत्री निवडत होत्या आणि मी पायरीवर पुस्तक घेऊन डुलत होते. पानं पुढं जात नव्हती. त्या म्हणाल्या, मोठ्यानं वाच, माह्या कानावर तरी पडू दे. मी वाचलं: ब्लडप्रेशरच्या औषधांबरोबर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक घेतलं तर ब्लडप्रेशरच्या गोळीचा जोर कमी पडतो.

त्यांनी हातातलं संत्रं खाली ठेवलं.

“माही गुडघ्याची गोळी हाय काय व त्यात?”

त्यांना बीपी होतं. दोन महिन्यांत डॉक्टरांनी गोळी वाढवली होती, तरी खाली येत नव्हतं. गुडघ्याची गोळी त्या दुकानातून स्वतःच आणायच्या, रोज एक. मी आत जाऊन पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचली. ॲसिक्लोफेनॅक. पुस्तकातली ओळ पुन्हा पाहिली.

“नाही ताई, यात नाही.”

“मंग बरं हाय,” म्हणाल्या आणि पुन्हा टोपलीकडे वळल्या.

मी पुढचं पान उलटलं, पण काही वाचलं नाही. ओळीत नाव नव्हतं, बस. पण ती गोळी करते काय? दुखणं आणि सूज कमी करते, आयबुप्रोफेनसारखीच, त्याच वाटेनं. मग किडनीतही तेच करणार, अंगात मीठ-पाणी धरून ठेवणार. मी पाकीट परत आणलं, पुन्हा वाचलं, जणू अक्षरं बदलली असतील.

“ताई, आहे. नाव नाही, पण ती त्याच गटातली आहे.”

“आताच नाई म्हणत होती. काय करून राहिली तू? उद्या पेपरातबी असंच करशील काय?”

मी म्हटलं, बीपीची गोळी स्वतःहून बंद करू नका, दोन्ही पाकिटं डॉक्टरांना दाखवा. त्या त्याच संध्याकाळी गेल्या. डॉक्टरांनी रोजची गुडघ्याची गोळी बंद केली, पॅरासिटामॉल आणि मलम दिलं आणि बीपीची मात्रा आहे तीच ठेवून पुन्हा तपासायला बोलावलं.

दुसऱ्या दिवशी पेपरात प्रश्न होता: बीपीसाठी टेल्मिसार्टन घेणाऱ्या रुग्णाला सांधेदुखीसाठी नेप्रोक्सेन सुरू केलं, काय होईल? नेप्रोक्सेन मी कधी पाठ केलं नव्हतं. मग मला अंगणातली टोपली दिसली. मी लिहीत गेले: वेदनाशामक गट, बीपी पुन्हा वाढू शकतं, किडनीवर ताण, पोटात जखम, बीपी आणि किडनीसाठी क्रिएटिनिन तपासावं.

घरी पोचले तेव्हा त्या भाकरी थापत होत्या.

“आली होती काय माही गोळी?”

“तुमची नाही. तिची बहीण आली होती.”

“वळखली ना?”

“ओळखली.”

“मंग जेव आता.”

पेपर सुटला. जाऊबाईंचं बीपी पुढच्या खेपांना उतरत गेलं. गुडघे मात्र अजून दुखतात आणि त्याचा दोष त्या मला देतात. मी आता सौसरला मेडिकलच्या काउंटरवर उभी असते. कुणी दुखण्याची गोळी मागितली की आधी विचारते, बीपीची काही चालू आहे का? गिऱ्हाईक वैतागतं. मी पाकीट उलटं करते, वाचते, हातात देण्याआधी आणखी एकदा वाचते.