शून्यापाशी दोन उत्तरं

नागपूरच्या मे महिन्यात पेपर तपासायला मूल्यांकन केंद्रावर जो स्वखुशीने जातो, त्याचं डोकं आधी कोणीतरी तपासायला हवं. मी निवृत्त होईपर्यंत जात राहिले, म्हणजे माझंही तपासायला हवंच होतं. मोठा हॉल, वर नुसता खडखडाट करणारे पंखे, भिंतीत एक कूलर आणि त्या कूलरसमोरच्या खुर्चीसाठी सकाळपासून धडपडणारे आमचे गणिताचे प्राध्यापक. त्या खुर्चीसाठी जेवढी बुद्धी खर्च व्हायची, तिच्या अर्धी जरी उत्तरपत्रिकांवर झाली असती, तरी हे लिहायची वेळ आली नसती.

तिथली पद्धत अशी. पेपर काढणाऱ्याने लिहिलेलं मॉडेल आन्सर प्रत्येक टेबलावर ठेवायचं. तपासणाऱ्याने डावीकडे ते, उजवीकडे मुलाची उत्तरपत्रिका ठेवायची आणि शेवटची ओळ जुळते का, एवढंच बघायचं. जुळली की मार्क, नाही जुळली की भोपळा. मधल्या ओळी वाचणाऱ्याला संथ समजत. मी मॉडरेटर होते, म्हणजे इतरांनी तपासलेले काही पेपर पुन्हा बघणारी. माझ्या वाटेला ही जुळवाजुळव दुसऱ्यांदा यायची.

त्या वर्षी एमएस्सीचा कॉम्प्लेक्स अॅनालिसिसचा पेपर काढला होता तो शहरातल्या एका कॉलेजच्या गणित विभागप्रमुखाने. केंद्रावर तोच चीफ, म्हणजे सगळ्या तपासणीचा प्रमुख, होता. विद्यार्थ्यांमध्ये खपणाऱ्या एका गाईडवरही त्याचंच नाव होतं. त्याच्याबद्दल मला कधी आदर वाटला नाही आणि तो दाखवायची तसदीही मी घेतली नाही. गणित हे सुटलेल्या उदाहरणांचं दुकान आहे आणि आपण त्याचे मालक, अशा थाटात तो हॉलमधून फिरायचा.

त्याच्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणारी एक मुलगी माझ्या शेजारच्या टेबलावर होती. पारशिवनीकडची, शेती करणाऱ्या घरातली. प्राध्यापकीसाठी लागणारी सेट परीक्षा पास झालेली, मनीषनगरात एका मैत्रिणीसोबत खोली घेऊन राहायची. तासिकावाल्यांची नेमणूक एका सत्रापुरती असते. जूनमध्ये विभागप्रमुखाने नाव पुढे पाठवलं तर नवी ऑर्डर निघते, नाहीतर सामान बांधून गावी. हे तिनेच मला चहा घेताना सांगितलं होतं, तक्रारीच्या सुरात नाही, हवामानाबद्दल सांगावं तसं.

त्या पेपरात एक प्रश्न होता, दोन भागांचा. फंक्शन एकच: शून्य सोडून सगळीकडे ई चा घात, आणि घातात उणे एक भागिले झेड चा चौथा घात. शून्यावर मात्र किंमत शून्य ठरवून दिलेली. पहिला भाग: कॉशी-रीमान समीकरणं वापरून हे फंक्शन शून्यापाशी डिफरन्शिएबल आहे का ते तपासा. दुसरा भाग: लॉरेंट सिरीज मांडून शून्यापाशी कोणती सिंग्युलॅरिटी आहे ते सांगा.

मॉडेल आन्सरमधल्या पहिल्या भागात लिहिलं होतं की आडव्या अक्षावरून गेलं तरी सगळे पार्शियल डेरिव्हेटिव्ह शून्य, उभ्या अक्षावरून गेलं तरी शून्य, समीकरणं जुळली, म्हणून फंक्शन डिफरन्शिएबल आहे. पान उलटलं की दुसरा भाग: सिरीजमध्ये झेड चे ऋण घात संपतच नाहीत, म्हणून शून्यापाशी इसेन्शियल सिंग्युलॅरिटी आहे.

म्हणजे एका पानावर माणूस ठणठणीत, आणि पान उलटलं की त्याच माणसाच्या फोटोला हार. डिफरन्शिएबल, म्हणजे जिथे बदलाचा दर नेमका ठरवता येतो असं, फंक्शन त्या बिंदूपाशी निदान सलग तरी असावं लागतं, आटोक्यात राहावं लागतं. इसेन्शियल सिंग्युलॅरिटी म्हणजे बिंदूच्या कितीही जवळ जा, फंक्शन कसलीच मर्यादा पाळत नाही. दोन्ही एकाच जागी नांदू शकत नाहीत. दुसरा भाग बरोबर होता, पहिला साफ चूक. मला खात्री आहे की पहिला त्याने स्वतःच्या गाईडमधून उतरवला आणि दुसरा दुसऱ्या कुठल्यातरी पुस्तकातून, आणि मधे विचार नावाची गोष्ट झालीच नाही. हॉलमधले सगळे दोन्ही पानांवर निमूटपणे बरोबरच्या खुणा करत होते. कोणाचं पेन अडखळलं नाही.

तिचं अडखळलं. तिचा गठ्ठा माझ्याकडे आला तेव्हा मी पाहिलं की 'डिफरन्शिएबल आहे' असं लिहिणाऱ्यांना तिने पहिल्या भागात समीकरणं तपासल्याचे तेवढे मार्क दिले होते, निष्कर्षाचे नाही. आणि 'नाही' लिहून कारण देणाऱ्या मोजक्या मुलांना पूर्ण. मी तिच्याकडे बघितलं. ती पुढचा गठ्ठा उघडत होती.

"कशाले वं अंगावर ओढून घेतलं?" मी हळूच विचारलं.

ती म्हणाली, ज्यानं बरोबर लिहिलं त्याले मी शून्य कशी देऊ. मी तो गठ्ठा जसाच्या तसा सही करून पुढे पाठवला. त्याची दखल घेतली जाणार हे दोघींनाही ठाऊक होतं.

दुपारी चीफने तिला सगळ्यांसमोर बोलावलं. बाकीच्यांनी माना खाली घातल्या, पण पेनं थांबली होती, कान इकडेच होते. त्याने आवाज न चढवता विचारलं की मॉडेल आन्सर दिसत नाही का, आणि तासिकावाले कधीपासून पेपर काढणाऱ्याच्या वर झाले. मग त्याने कॉशी-रीमान शिकवायला घेतलं, तिला, जी त्याच्याच विभागात तो विषय शिकवत होती, कारण याला तास घ्यायचा कंटाळा. शून्य सोडून सगळीकडे फंक्शन अॅनालिटिक, म्हणजे सुरळीत, आहे, तिथे समीकरणं जुळतातच, आणि शून्यावरही जुळतात, म्हणजे पूर्ण प्रतलावर जुळली, आता आणखी काय पाहिजे, असा त्याचा सवाल होता. दोघातिघांनी माना डोलावल्या. त्या माना कुठल्याही वाक्यावर डोलल्या असत्या.

ती फळ्याकडे गेली. खडू शोधायलाच वेळ लागला, गणिताच्या मूल्यांकन केंद्रात खडूची कोणाला गरज पडत नसावी. तिने दोन अक्ष काढले आणि मधून पंचेचाळीस अंशांची तिरपी रेघ ओढली. सांगितलं की शून्यापाशी ही समीकरणं फक्त उभ्या आणि आडव्या वाटेने बघतात, तिरप्या वाटेवर काय चाललंय ते त्यांना दिसत नाही. या तिरप्या रेघेवर झेड चा चौथा घात ऋण होतो, घातातलं उणे जाऊन अधिक येतं, आणि शून्याकडे जाल तसं फंक्शन आकाशाला भिडतं. शून्यापासून अर्धा एकक अंतरावर आलात तरी किंमत अठ्ठ्याऐंशी लाखांच्या वर. अक्षांवर त्याच अंतरावर ती जवळजवळ शून्य. समीकरणांवरून डिफरन्शिएबल म्हणायचं तर पार्शियल डेरिव्हेटिव्ह त्या बिंदूपाशी सलगही असावे लागतात. इथे ते तर सोडाच, खुद्द फंक्शनच सलग नाही.

इतकं स्वच्छ गणित त्या हॉलमध्ये मी वर्षानुवर्षांत ऐकलं नव्हतं. चीफ फळ्याकडे बघतच नव्हता. तो म्हणाला, दोन वेगळे प्रश्न आहेत, दोन वेगळी उत्तरं आहेत, विषय संपला.

"सर, प्रश्न दोन असले तरी पॉइंट तं एकच आहे ना," ती म्हणाली. "पहिल्या पानावर आपण त्याले चांगला म्हणून राहिलो, अन् पुढच्या पानावर आपणच इसेन्शियल लिहून राहिलो."

कोणी हसलं नाही. हसले असते तर मला त्यांच्याबद्दल थोडं बरं वाटलं असतं.

मी उठून बोलले. मॉडेल आन्सर चूक आहे, तसं लेखी कळवा आणि सगळे गठ्ठे पुन्हा तपासून घ्या, म्हणाले. मला कोणाची भीती नव्हती. माझी नोकरी कायम होती आणि तीही संपत आलेली. मला ते बोलायला काहीच मोजावं लागत नव्हतं, तिला सगळंच मोजावं लागत होतं. बाकीच्या कायम नोकरीवाल्यांनी तेव्हा पुढचे गठ्ठे ओढले, सोबत भरलेलं पोट आणि कूलरचा वारा असताना.

चीफने तासाभराने तोडगा काढला, आणि तो मोठा हुशार होता. पहिला भाग 'संदिग्ध' ठरवला आणि सगळ्यांना सरसकट पूर्ण मार्क दिले. बरोबर लिहिणाऱ्याला पूर्ण, चूक लिहिणाऱ्याला पूर्ण, कोरं पान सोडणाऱ्यालाही पूर्ण. चूक कोणाचीच नाही. हॉलभर समाधान पसरलं, आता गठ्ठे लवकर संपणार होते.

त्यानंतर त्याने तिला बाजूला घेतलं. काय बोलणं झालं ते तिने मला गेटपाशी सांगितलं. गाईडची नवी आवृत्ती काढायची आहे, सगळी उदाहरणं नीट तपासून दे, ऑर्डरचं मी बघतो, असं तो म्हणाला. म्हणजे गणित तिला येतं हे त्याला पक्कं कळलं होतं. तिने एकच अट घातली: आधी उद्या हॉलमध्ये सांगा की ते उत्तर चूक होतं. तो हसला आणि गाडीत बसून गेला.

जूनमध्ये तिचं नाव पुढे गेलं नाही. कारण सांगितलं, वर्कलोड नाही. महिन्याभरात त्याच तासांवर दुसरा कोणीतरी रुजू झाला. ती खोली सोडून गेली, आता बुटीबोरीकडच्या एका शाळेत सातवी-आठवीला शिकवते. फोनवर तिने मला सांगितलं तेव्हा मी रडले, आणि मला त्या माणसाचा इतका तिटकारा आला की फोन ठेवल्यावर मी घरात पडलेली त्या गाईडची प्रत शोधून रद्दीत टाकली.

पुढच्या वर्षी त्याच कॉलेजात मी तोंडी परीक्षेला बाहेरची परीक्षक म्हणून गेले. समोर एक मुलगा बसला, चटपटीत, इस्त्रीचा शर्ट. मी तेच फंक्शन विचारलं. शून्यापाशी डिफरन्शिएबल आहे का? हो, कॉशी-रीमान जुळतात. मग तिथे सिंग्युलॅरिटी कोणती? इसेन्शियल, तो तितक्याच वेगाने म्हणाला. मी विचारलं, दोन्ही एकदम कसं बुवा?

तो गोंधळला नाही. उलट माझीच कीव आल्यासारखा समजावून सांगू लागला.

"मॅडम, ते दोन वेगळे प्रश्न आहेत."