बारा म्हणता, मग चिठ्ठ्या नऊच काहून?

सातवीच्या इतिहासातला गावाच्या कारभाराचा धडा मी सोळा वर्षं शिकवला, आणि सोळाही वर्षं मुलं त्यावर मनापासून पेंगली. पाटील काय करी, कुलकर्णी काय करी, बारा बलुतेदारांना धान्याचा वाटा कसा मिळे, हे फळ्यावर लिहायचं, मुलांनी उतरवून घ्यायचं. दुसऱ्या दिवशी विचारलं की 'पाटील गावचा प्रमुख' एवढंच सगळ्यांना येई. मलासुद्धा तेवढंच येत होतं की काय, अशी शंका मला अधूनमधून यायची.

ह्या वर्षी डोक्यात किडा शिरला. मुलं मधल्या सुट्टीत पोलीस होतात, डॉक्टर होतात, माझ्या चालण्याची नक्कल करतात. मग त्यांनाच गाव होऊ दिलं तर? जुन्या काळी गावात तंटा झाला की पाटील, कुलकर्णी, बलुतेदार असे सगळे मिळून सभा बसवत. तिला गोतसभा म्हणत. निवाडा कागदावर लिहीत, आणि ज्यांना लिहिता येत नसे ते सहीच्या जागी आपल्या अवजाराचं चित्र काढत. कुणब्याचा नांगर, सुताराची वाकस. त्या कागदाला महजर म्हणत. हे वाचलं तेव्हाच मला वाटलं, हा तर तयार खेळ आहे, आपण उगाच ह्याचा धडा केला.

मुख्याध्यापिका बाई बेसा रोडवरच्या आमच्या शाळेत माझ्याही आधीपासूनच्या. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "दोन तास देते. शनिवारी मी स्वतः वर्गात येऊन स्वाध्यायातले प्रश्न विचारणार. मुलांना आले नाहीत, तर पुन्हा खेळाचं नाव काढायचं नाही. आणि पालक माझ्या डोक्यावर येऊन बसतील असं काही करू नका."

हे शेवटचं वाक्य माझ्या कानात राहिलं.

रविवारी प्रताप नगरच्या घरी जेवणाच्या टेबलावर पसारा मांडून मी चिठ्ठ्या केल्या. प्रत्येकीवर तीनच ओळी: तू कोण, तुला काय माहीत आहे, तुला काय हवं आहे. तंटा साधा ठेवला. ओढ्याकाठच्या एका पट्ट्यावर दोन कुणबी घरं, एक थोरलं आणि एक धाकटं, हक्क सांगतात, मधला बांध पुरात वाहून गेला आहे. गोतसभेने ठरवायचं. पाटलाच्या चिठ्ठीवर लिहिलं, 'थोरलं घर तुझ्या भाऊबंदांचं आहे.' सुताराच्या चिठ्ठीवर, 'दोन्ही घरांचे नांगर तूच करतोस, दोन्ही घरं तुला धान्य देतात.' वर्गात अडतीस मुलं. ज्यांना कामाची चिठ्ठी येणार नाही ती दोन घरांत वाटली जाणार. कुलकर्ण्याची चिठ्ठी मी केलीच नाही, ते काम स्वतःकडे घेतलं. आमच्या वाडवडिलांकडे गावाचं लिखाण होतं, त्यामुळे लेखणी आपलीच असं मी सहज धरून चालले.

बलुतेदारांच्या नऊ चिठ्ठ्या झाल्या आणि पेन थांबलं. महार, मांग, चांभार. ह्या तिघांची घरं तेव्हा गावाबाहेर असत. समजा, यांतली चिठ्ठी नेमकी एखाद्या मुलाला निघाली आणि कुणी हसलं तर? नेमकी ज्याला निघू नये त्याला निघाली तर? मी तीन कोऱ्या चिठ्ठ्या उचलून पर्समध्ये टाकल्या. मुलांना जपतेय असं स्वतःला सांगितलं, आणि ते मला पटलंसुद्धा.

मंगळवारी डब्यातून चिठ्ठ्या उचलून शाळेच्या मैदानातल्या कडुनिंबाच्या ओट्यावर गाव बसलं. समोर फक्कीने आखलेला तो पट्टा, त्याच्या एका बाजूला थोरलं घर, दुसऱ्या बाजूला धाकटं. नियम दोनच. चिठ्ठीत आहे त्यावरूनच बोलायचं, आणि आजच्या काळातलं काही बोललं की एक फेरी गप्प. पहिल्या दोन मिनिटांत लोहार ओरडला, "तहसीलातून सातबारा आणा न!" तो गप्प. न्हावी म्हणाला, "मोबाईलवर नकाशा पाहू." तोही गप्प. मजा आली. पण पुढे गाडी रुतली. धाकट्या घराची मुलं आणि थोरल्या घराची मुलं नुसती ओरडत होती, "आमचीच! आमचीच!" पाटील सुताराला विचारी, सुतार कुंभाराकडे पाही. कोणीच कोणाच्या बाजूने बोलेना.

मी सुताराला विचारलं, "का रे, बोलत का नाहीस?"

"मले दोन्हीकडून धान्य येते मॅडम. मी काहून वाईट होऊ?"

सोळा वर्षं मी 'बलुतेदारांना धान्याचा वाटा मिळे' हे वाक्य शिकवत होते. त्या वाट्यापायी माणूस गप्पही बसत असेल, हे मला एका बारा वर्षांच्या सुताराने सांगितलं. मला इतका आनंद झाला की खेळ फसतोय हेही लक्षात आलं नाही. घंटा झाली, जमीन कोणाचीच ठरली नाही.

मुलं पांगली. एक मुलगी मागे थांबली. कमी बोलणारी, पहिल्या बाकावरची. तिला धाकट्या घरात जागा मिळाली होती. तिने डब्यातल्या बलुतेदारांच्या चिठ्ठ्या ओट्यावर मांडल्या होत्या.

"मॅडम, पुस्तकात बारा म्हणता, मग ह्या नऊच काहून?"

"तीन घरी राहिल्या वाटतं," ओट्यावरची पर्स जवळ ओढत मी म्हणाले. खोटं इतक्या पटकन तोंडात आलं की माझं मलाच नवल वाटलं.

तिने मान हलवली. "म्हणूनच अडलं. माझे आबा सांगतात, कोणाचा बांध कुठं, गावाची शीव कुठं, हे आमच्या लोकायलेच माहीत राहे. भांडण झालं की त्यायलेच बोलावत. ते चालून दाखवत अन् मग सारे मानत."

ती गेली आणि मी ओट्यावर बसून राहिले. मला लाज वाटली. ज्यांना मी जपायला म्हणून वगळलं, तेच त्या गोष्टीत खरं जाणणारे होते. मी त्यांना दुसऱ्यांदा गावाबाहेर काढलं होतं, आणि खेळ बरोबर तिथेच बंद पडला होता.

बुधवारी तिन्ही चिठ्ठ्या लिहिल्या. बाराव्या चिठ्ठीवर लिहिलं: 'तू गावाचा महार. वाहून गेलेला बांध कुठे होता, हे फक्त तुला माहीत आहे. कडुनिंबापासून वीस पावलं पाण्याच्या टाकीकडे, तिथून वळून ध्वजाच्या खांबापर्यंत सरळ. खरं सांगितलंस तर पाटलाचे भाऊबंद नाराज होतील. तुझंही धान्य त्यांच्याकडून येतं.' शेवटी आणखी एक ओळ हवी होती. ती लिहू की नको, ह्यात अर्धा तास गेला. मग लिहिली. 'सभेत तुझी जागा ओट्याखाली.' बाकी दोघांच्या चिठ्ठ्यांवरही तीच ओळ. आणि तिसरा नियम केला: खेळात कोणी कोणाला कमी लेखून बोलायचं नाही, आणि खेळ संपला की छातीवर लावलेली कामाच्या नावाची पट्टी काढायची, मग आपण आजची माणसं.

गुरुवारी मुख्याध्यापिका बाई खुर्ची टाकून बसल्या. चिठ्ठ्या उचलल्या गेल्या. पाटील झाली तीच पहिल्या बाकावरची मुलगी. आणि बारावी चिठ्ठी निघाली वर्गातल्या सगळ्यात बोलक्या मुलाला. ह्याच्या घरची बेस्याच्या पलीकडे अजून शेती आहे, आणि वर्गावर ह्याचाच हुकूम चालतो. त्याने चिठ्ठी वाचली, आणि तोंड उतरलं.

"मॅडम, बदलून द्या न. मी नाही बनत."

मी ज्याला घाबरत होते ते समोर येऊन उभं राहिलं होतं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात ओट्यावरून पाटील बोलली.

"चिठ्ठी निघाली ते निघाली. मी कुठं मागितलं होतं पाटील बनायले? बस खाली."

तो ओट्याखाली बसला. दोन फेऱ्या गेल्या, परत तोच ओरडाआरडा, तोच गप्प सुतार. मग पाटलाने त्याला विचारलं, "तुले माहीत आहे का गा, बांध कुठं होता?"

त्याने चिठ्ठी पाहिली. थोरल्या घराकडे पाहिलं, तिथे त्याचे सगळे मित्र होते. "नको सांगू बे," एक जण हळूच म्हणाला. तो उठला. कडुनिंबापासून पावलं मोजत निघाला. आधी दोघं मागे गेले, मग दहा, मग सगळं गाव, पाटीलसुद्धा ओट्यावरून उतरून. मैदानाच्या मध्यावर त्याने टाकीकडून वळण घेतलं, तशी धाकट्या घरातून टाळी पडली. खांबापाशी तो थांबला. पट्टा धाकट्या घराच्या बाजूला पडला होता.

थोरल्या घराने पाटलाकडे पाहिलं. "आपल्या घरचे आहोत आम्ही!"

"हा चालला तोच बांध," ती म्हणाली. "लिहा मॅडम."

मी लिहिलं. एकेकाने महजरावर चित्रं काढली: नांगर, वाकस, हातोडा, चाक. ह्याची पाळी आली तेव्हा तो अडला. "मी काय काढू?"

"पाय काढ," ती म्हणाली. "पायानंच तर सांगितलं तू."

त्याने दोन पावलं काढली, सगळ्यांपेक्षा मोठी.

शनिवारची परीक्षा नीट पार पडली, हे इथेच सांगून टाकते. बाईंनी एका प्रश्नाचं उत्तर थांबवायला सांगितलं, कारण चार मुलं एकदम बोलत होती. पुढच्या धड्यालाही दोन तास मिळाले. पण माझ्यासाठी खेळ गुरुवारीच संपला, पट्ट्या काढल्यावरच्या दहा मिनिटांत.

मुलं गोल करून बसली. खेळात आणि खऱ्या काळात काय वेगळं असेल, असं मी विचारलं. तेव्हा तोच मुलगा म्हणाला, "मॅडम, सारे माझ्या मागं आले. माझं खरं मानलं. मग मले ओट्याखाली काहून बसवलं?"

कोणी हसलं नाही. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला दिसलं, माझ्या छातीवर 'कुलकर्णी' ही पट्टी तशीच आहे. सगळ्यांना काढायला लावून मी स्वतःची विसरले होते.

मी ती काढली. म्हणाले, "त्याचं ज्ञान गावाला हवं होतं, पण तो शेजारी नको होता. हा अन्याय होता, दुसरा शब्द नाही." एवढं पुस्तकातही लिहिता आलं असतं. म्हणून पुढे बोलले. "आणि मंगळवारी त्या तीन चिठ्ठ्या घरी राहिल्या नव्हत्या. माझ्या पर्समध्ये होत्या. मीच टाकल्या नव्हत्या डब्यात."

हे मी वर्गाला सांगत होते, पण पाहत होते फक्त तिच्याकडे. ती आपली पाटलाची पट्टी घडी घालून डब्यात ठेवत होती.

"माहीत होतं मॅडम," ती म्हणाली. "तुमच्या पर्सची चेन उघडी होती."