निरोपाचा पडदा दोन ते सहा बंद

कंपनीत तिला सगळे सूचनाताई म्हणत. आईबापांनी ठेवलेलं नाव हजेरीत होतं, ते तिथेच पडून राहिलं. कॉम्प्युटर विभागात तिच्याकडे मुख्य काम एकच: कंपनीची कुठली यंत्रणा देखभालीसाठी बंद राहणार असली की तशी सूचना लिहायची, सगळ्यांना मेल करायची आणि प्रत्येक विभागाच्या बोर्डावर लावायची. या सूचना कोणी वाचत नसे, आणि खरं सांगायचं तर त्या वाचण्यासारख्या नसतही. सर्व्हर सांभाळणारा इंजिनियर जे खरडून देई त्यात ती एक ‘कारणास्तव’ आणि दोन ‘संबंधित’ घालायची, शेवटी दिलगिरी टाकायची, की झालं. तिने वर्षभरात जेवढी दिलगिरी व्यक्त केली तेवढी एखाद्या जावयाने जन्मात केली नसेल.

बाई कामात चोख होती. टेबल लखलखीत, मेल वेळेवर, शुद्धलेखनाला बोट लावायला जागा नाही. फक्त आपण लिहिलेलं कोणाच्या कामी येतं का, हा प्रश्न तिला कधी पडला नव्हता. कोणी विचारला नाही म्हणून तिनेही विचारला नाही.

कंपनी इंजेक्शनच्या बाटल्या भरायची. जिथे औषध भरतात त्या खोलीत धुळीचा कण चालत नाही, त्यामुळे आत जाणारे लोक हातपाय धुऊन, डोक्यापासून पायापर्यंत पांढरे कपडे चढवून जातात आणि मोबाईल बाहेर लॉकरमध्ये ठेवतात. तिचा धाकटा भाऊ तिथेच कामाला होता. तिनेच चिकटवला होता. पाळी संपेपर्यंत आतल्या माणसाचा जगाशी संबंध एकाच गोष्टीतून: भिंतीवरचा निरोपाचा पडदा. घरच्या कोणी फोन केला की रिसेप्शनच्या काकू निरोप टाइप करत आणि तो आत पडद्यावर उमटे. बहुतेक निरोप ‘येताना दूध आण’ छापाचे असत, आणि ते सगळ्या खोलीने वाचून त्या माणसाची यथेच्छ टिंगल केलेली असे.

मागच्या थंडीत सर्व्हरवर काम निघालं. तिने सूचना काढली: ‘येत्या रविवारी नियोजित देखभालीच्या कारणास्तव सर्व्हर क्रमांक चार व संबंधित सेवा काही काळ अंशतः उपलब्ध नसण्याची शक्यता आहे. होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’ सर्व्हर क्रमांक चार म्हणजे काय, हे त्या विभागाच्या खोलीबाहेर कोणाला ठाऊक असणार? हजेरी आणि रजा त्यावर चालत. निरोपाचा पडदाही वर्षापूर्वी त्यावरच हलवला होता. तिला ते माहीत होतं. लिहिताना आठवलं नाही, एवढंच.

त्या रविवारी दुपारी आईला दम लागला. तिने आईला हॉस्पिटलात नेलं, आणि डॉक्टरांनी कोपऱ्यात घेऊन सांगितलं की जवळच्या माणसांना बोलवून घ्या. तिने रिसेप्शनला फोन केला. काकूंनी लगेच टाइप केलं, ‘आई सीरियस आहे, लगेच ये.’ समोर ‘जतन झाले’ असं आलं. “टाकला गं बाई निरोप,” काकू म्हणाल्या, “पोचेल इतक्यात.” तिचा जीव भांड्यात पडला. तो निरोप काकूंच्या कॉम्प्युटरमध्येच थांबून होता. सर्व्हर परत सुरू होईल तेव्हा पुढे जाणार होता. आणि आतला पडदा काळा झालेला नव्हता, त्याच्यावर सकाळचेच निरोप जसेच्या तसे दिसत होते. मग कोणाला शंका येणार?

आईने तीनदा विचारलं, धाकटा आला का. तिने तीनदा सांगितलं, निघालाय, पोचेलच. चौथ्यांदा आईने विचारलं नाही.

संध्याकाळी सर्व्हर सुरू झाला आणि निरोप पडद्यावर उमटला. भाऊ अंगातले पांढरे कपडे ओरबाडून काढत, मोबाईल न घेताच पळाला. हॉस्पिटलच्या जिन्यावर ती त्याला भेटली तेव्हा तो धापा टाकत हसत होता. “आलो बघ,” म्हणाला, “कुठल्या वॉर्डात आहे?” तिने नुसती मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावरचं ते हसू कसं विरत गेलं, ते तिला अजून दिसतं.

दिवसकार्य झाल्यावर निरोप का अडकला ते त्याने विचारून घेतलं आणि बोर्डावरची जुनी सूचना वाचली. खाली नेहमीप्रमाणे तिचं नाव होतं. त्या दिवसापासून तो तिच्याशी बोलला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. कॅन्टीनमध्ये समोर आला तर मान खाली घालून पुढे जाई. भावजय फोनवर बोले, पोरांना आत्याकडे पाठवी, पण मागून त्याचा आवाज येत नसे. त्याने एकदा ‘ताई’ म्हणावं, मग वाटेल ते बोलावं, एवढंच तिला हवं होतं. बाकी कशातच तिचं लक्ष लागेना.

मग पावसाळ्यानंतर पुन्हा सर्व्हर क्रमांक चारवर काम निघालं. इंजिनियरने मजकूर पाठवला. मागचाच, तारीख तेवढी बदललेली. तिने तो दोनदा वाचला. मग खुर्ची ओढून त्याच्या शेजारी जाऊन बसली.

“किती वाजता बंद करणार?”

“दुपारी.”

“दुपारी म्हणजे?”

“दोनला. काम तीन तासांचं. फसलंच तर सगळं पूर्ववत करायला एक तास धर. सहा लिही.”

“आणि बंद म्हणजे नक्की काय काय बंद? सर्व्हरचा नंबर नको सांगूस. माणसाला काय करता येणार नाही ते सांग.”

तो आधी वैतागला. मग तिच्याकडे बघून त्याला काय ते उमगलं आणि तो निमूटपणे एकेक सांगत गेला. तिथून ती रिसेप्शनला गेली. पडदा बंद असताना आत निरोप कसा पोचवायचा? भरण्याच्या खोलीबाहेर कपडे बदलायच्या जागी सुपरवायझरच्या टेबलावर एक आतला फोन होता. काकूंनी लावून पाहिला. वाजत राहिला, कोणी उचलला नाही. तिने स्वतः जाऊन पाहिलं, तर फोन हातमोज्यांच्या खोक्यांमागे दडलेला, आणि यंत्रांच्या घरघरीत तो कोणाच्या बापाला ऐकू जाणार? सुपरवायझरने तो भरण्याच्या खोलीच्या काचेजवळ आणून ठेवला आणि त्या वेळात तिथे एक माणूस बसवायचं कबूल केलं. आत कागद नेता येत नाही, पण काचेपलीकडे बोलायला माईक होता.

एवढं सगळं जुळवून ती लिहायला बसली. संबंधित गेलं, अंशतः गेलं, शक्यता गेली. बोर्डावर लागलं ते असं:

‘रविवार, १४ तारीख, दुपारी २ ते संध्याकाळी ६: निरोपाचा पडदा, हजेरी आणि रजेचे अर्ज बंद.

पडद्यावर दोनच्या आधीचे निरोप तसेच दिसत राहतील. ते पाहून पडदा चालू आहे असे समजू नका. या वेळात नवा निरोप पडद्यावर येणार नाही.

घरच्यांना आजच सांगा: नेहमीप्रमाणे रिसेप्शनलाच फोन करा. रिसेप्शन निरोप टाइप करणार नाही. सुपरवायझरच्या टेबलावर, २२ नंबरला, फोन करून सांगेल. सुपरवायझर माईकवरून त्या माणसाला सांगेल आणि सांगितल्याचे रिसेप्शनला उलट कळवेल. दहा मिनिटांत उलट फोन आला नाही तर गेटवरचा रखवालदार स्वतः जाईल.

हजेरी गेटवरच्या वहीत लिहा, सोमवारी आम्ही भरून घेऊ. रजेचा अर्ज शनिवारपर्यंत करा. अगदीच अडलं तर सुपरवायझरला सांगून जा.

औषध भरण्याचे काम, पगार आणि मेल यांवर परिणाम नाही. सहाला सगळे सुरू झाले की तसे कळवू. उशीर होणार असेल तर साडेपाचलाच कळवू.’

विभागाच्या साहेबांनी वाचून कपाळाला आठ्या घातल्या. “केवढं लांबलचक. आणि लोक उगाच घाबरतील.”

“घाबरू देत,” ती म्हणाली. साहेबांना तिच्या तोंडून असं उत्तर ऐकायची सवय नव्हती. त्यांनी मुकाट्याने मान हलवली. दिलगिरी राहिलीय, हे मात्र सांगायला ते विसरले नाहीत. ती तिने घातली नाही.

रविवारी ती सुट्टी असून आली आणि रिसेप्शनपाशी स्टूल टाकून बसली. चारच्या सुमाराला फोन आला. आतल्या एका कामगाराच्या बापाला झटका आला होता. काकूंचे हात कीबोर्डकडे गेले, तेवढ्यात तिने फोनचा रिसीव्हर पुढे केला. सुपरवायझरने उचलला, निरोप परत म्हणून दाखवला. थोड्याच वेळात त्याचा उलट फोन आला: माणूस निघाला. पाठोपाठ तो माणूस स्वतःच रिसेप्शनसमोरून धावत गेला. ती काचेतून तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिली.

सोमवारी दुपारी कळलं की त्याला बाप जिवंत भेटला. रात्रभर हात हातात धरून बसला, आणि सकाळी म्हातारा गेला.

संध्याकाळी ती दिवा बंद करून निघणार, तेवढ्यात दारात भाऊ उभा. इतक्या महिन्यांत तो या खोलीत फिरकला नव्हता. तिने स्टूल पुढे सरकवलं, त्यावरचे कागद उचलले, परत ठेवले. तो बसला नाही.

“ताई,” तो म्हणाला.

तिचे डोळे भरून आले.

“माझ्या शेजारीच उभा होता काल तो. माईकवर नाव घेतलं तसा गेला.” तो जरा थांबला. “सगळ्यांना पाठ झाली होती तुझी सूचना. आमच्यातल्या त्या न शिकलेल्यालासुद्धा.”

“मी काकूंना, सुपरवायझरला, सगळ्यांना विचारून...”

“किती वेळ लागला लिहायला?”

खोटं बोलता आलं असतं. आठवडा लागला म्हणाली असती, खूप अवघड होतं म्हणाली असती, तर त्यालाही ते हवंच होतं कदाचित. पण आईला सांगितलेलं खोटं तिला पुरून उरलं होतं, आणखी एक झेपणार नव्हतं.

“एक दुपार,” ती म्हणाली.

त्याने मान हलवली. रागाचा लवलेश नव्हता. रागावला असता तर तिने काहीतरी उत्तर दिलं असतं, पाय धरले असते.

“एवढंच होतं होय,” तो म्हणाला, आणि दार हलकेच ओढून घेऊन गेला.