भिंतीत ठोकलेलं टेबल

माझे वडील बडोद्यातल्या प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झाले. घट्ट बसवलेल्या वस्तूवर त्यांचा देवापेक्षा जास्त विश्वास. घरातलं एकही डगमगणारं स्टूल त्यांच्या तावडीतून सुटलेलं नाही. मी गोरव्यात एक गाळा घेऊन दातांच्या कामाची छोटी लॅब सुरू केली, तेव्हा प्रिंटरसाठी टेबल बनवायचं काम त्यांनी मागून घेतलं.

हा प्रिंटर कागदाचा नव्हे. त्याच्या तळाशी ट्रेमध्ये पातळ रेझिन असतं. खालून प्रकाश पडला की त्याचा केसाएवढा थर घट्ट होतो, आणि असे थरावर थर चढत दातांचा साचा तयार होतो. डॉक्टर तोंडाचं स्कॅन पाठवतात, मी साचा छापते आणि त्यावर कॅप नाहीतर ब्रिज बनवते. साचा जराही बिघडला तर ब्रिज तोंडात बसत नाही.

आधी मी प्रिंटर खिडकीशी ठेवला होता. खिडकी पश्चिमेची. येणाऱ्या-जाणाऱ्याला मशीन दिसावं, एवढीच माझी अक्कल. दुपारी रेझिन भरायला झाकण उघडून ठेवलं आणि फोनवर बोलत बसले, तोवर उन्हाने ट्रेमध्ये दुधासारखी साय धरली. जो प्रकाश साचा घडवतो, तोच बाहेरून आला की सगळं आधीच घट्ट करून टाकतो. एक अख्खा ट्रे वाया गेला आणि मी स्वतःवरच भयंकर चिडले.

बाबांनी प्रिंटर समोरच्या अंधाऱ्या भिंतीशी हलवला. लोखंडी टेबल भिंतीत चार बोल्ट मारून असं बसवलं की हत्ती बसला तरी हलू नये. "आता भूकंप आला तरी बघू नकोस," म्हणाले.

त्या भिंतीपलीकडे घंटी होती. बडोद्यात आम्ही पिठाच्या गिरणीला घंटीच म्हणतो.

दातांच्या एका डॉक्टर बाईंनी मला पहिलं काम दिलं होतं, तीन दातांचा ब्रिज. तो नीट बसला तर त्यांची सगळी कामं माझ्याकडे येणार होती, आणि त्यांच्याच भरवशावर मी नोकरी सोडली होती. पहिला बसला नाही. दुसराही नाही. त्यांचा फोन आला. "बेन, पेशंट त्रण वार आवी गया. एक छेल्लो ट्राय, पछी हुं बीजी लॅबमां मोकलीश." पेशंट तीनदा येऊन गेला होता; आता शेवटची एक संधी, नाहीतर काम दुसऱ्या लॅबकडे. मी हो म्हटलं आणि घरी येऊन रडले.

दुसऱ्या दिवशी बाबा आणि मी साचे समोर मांडून बसलो. दातांच्या कडांवर बारीक लाटा होत्या, मध्ये एखादा पांढरा कण. पण सरावासाठी छापलेला एक साचा आरशासारखा गुळगुळीत होता. तो कधी छापला, बाबांनी विचारलं. दुपारी, एक ते चारमध्ये. घंटीवाले काका त्या वेळात घंटी बंद करून जेवून झोपतात.

बाबांनी लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, टोक टेबलावर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. बेअरिंग तपासायची ही त्यांची जुनी पद्धत. घंटी चालू होती. बराच वेळ ते ऐकत राहिले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"अख्खी घंटी इथे बोलतेय," म्हणाले. "मीच बोल्ट मारून तिला टेबलात आणून बसवलं."

मग त्यांनी फरशी ऐकली, दार ऐकलं, पुढच्या-मागच्या भिंती ऐकल्या. पिठाची धूळ दाराच्या फटीतून येते, हेही तेव्हाच ध्यानात आलं. मागच्या खोलीतल्या कोपऱ्यात स्क्रू ड्रायव्हर गप्प होता. तिथे ऊन नव्हतं आणि दार बंद राहत होतं. आम्ही बोल्ट काढले आणि टेबल त्या कोपऱ्यात नेऊन भिंतीपासून वीतभर सुटं ठेवलं. पायांखाली रबराचे जाड तुकडे घातले आणि वर कोटा दगडाची जड लादी टाकली. पाणसळीने लादी समतल केली.

बोल्ट काढताना बाबांचा हात जरा रेंगाळला. मला वाईट वाटलं.

भर सकाळी, घंटी जोरात चालू असताना, आम्ही साचा छापला. बाबांनी कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं, मग पुन्हा फिरवलं. "लाट लागत नाही," म्हणाले.

दोन दिवसांनी मी घरी असताना डॉक्टर बाईंचा फोन आला. "बेसी गयुं, बेन. शुं बदल्युं?" ब्रिज बसला होता; काय बदललं, ते त्या विचारत होत्या.

"जग्या बदली," मी म्हटलं. "मारा पप्पाए शोधी."

बाबांनी टीव्हीचा आवाज बारीक केला होता. फोन ठेवल्यावर म्हणाले, "चूक कुणाची होती, ते सांगायचं राहिलं."

"त्यांनी ते विचारलं नव्हतं, बाबा."

ते हसले, आणि त्या दिवशी घरातला डगमगणारा पाट त्यांनी पहिल्यांदाच तसाच राहू दिला.