शुक्रवारी चारच्या आत हवं असलेलं पत्र

समस्त जनतेस कळवण्यात येते की, परळच्या एकाच ऑफिसात सव्वीस वर्षं खुर्ची झिजवूनही मी तिथे नोकरीला आहे याचा पुरावा माझ्याकडे नव्हता. लेकीच्या पदवीदानाला परदेशी जायचं होतं आणि सोमवारी व्हिसाची अपॉइंटमेंट होती. एचआरला मी ईमेलमध्ये नमुनाच पाठवला: लेटरहेड, हुद्दा, रुजू तारीख, पगार, मंजूर रजा, सही-शिक्का, शुक्रवारी चारच्या आत.

एचआरच्या मॅडम म्हणाल्या, "काका, सिस्टिममध्ये रजा मंजूर दिसत नाही. मग मी कसं लिहू?"

रजा मंजूर करणारे पाचव्या मजल्यावरचे साहेब म्हणाले, "आधी व्हिसा दाखवा, मग रजा. नियमच आहे तो."

"साहेब, रजेशिवाय पत्र नाही, पत्राशिवाय व्हिसा नाही."

"मग एचआरला विचारा."

दोन दिवस मी इतक्या वेळा वर-खाली केलं की लिफ्टमनही मला मजला विचारेनासा झाला. शुक्रवारी साडेतीनला थकून साहेबांच्या टेबलासमोर नुसताच उभा राहिलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कॉम्प्युटरवर रजा मंजूर केली आणि सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असे ओरडले, "जा हो, कुठल्याही देशात जा, पण आधी माझ्या टेबलासमोरून जा!"