उताराची फळी

निगडीच्या बस स्टँडमागच्या गल्लीत समाधानचं ट्रेकिंगच्या सामानाचं दुकान आहे. त्यात बसायला दोन मोढे, बुटांची एक भिंत आणि मधोमध एक लाकडी फळी. एका बाजूला विटा लावून फळी उंच केलेली, वर जुन्या पोत्याचा तुकडा ठोकलेला. नवं गिऱ्हाईक अडखळून पडेल म्हणून समाधानने ती दोनदा उचलून बाहेर ठेवली होती. दोन्ही वेळा ज्ञानदेव ओव्हाळ यांनी ती परत आणून लावली आणि वर संध्याकाळभर त्याच्याशी बोलले नाहीत.

ज्ञानदेव सदुसष्ट वर्षांचे. पिंपरीतल्या एका कंपनीच्या स्टोअरमध्ये बत्तीस वर्षं त्यांनी कामगारांना सेफ्टी शूज वाटले. कंपनी गेली. तिच्या जागी आता अठरा मजली सोसायटी उभी आहे आणि गेटवरचा रखवालदार त्यांना विचारतो, कुणाकडे जायचंय? तिथे स्टोअरच्या दारात ट्रॉली चढवायला एक उतार होता. बूट देताना ज्ञानदेव माणसाला त्या उतारावर चालवत. सपाट फरशीवर सगळेच बूट गोड बोलतात, त्यांचा खरा स्वभाव उतरताना कळतो, हे त्यांनी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. गुरुवारी शिकले होते.

गुरुवार म्हणजे एमआयडीसीचा सुट्टीचा वार. सगळं पुणं-मुंबई रविवारी झोपा काढायचं तेव्हा ही मंडळी ड्यूटीवर, आणि गुरुवारी डोंगर सगळा यांच्या मालकीचा. दहा-बारा जण, फिटर, वेल्डर, कॅन्टीनचा एक पोऱ्या म्हणवणारा पन्नाशीचा गृहस्थ, भाकऱ्या, ठेचा, आणि पायात कंपनीचेच लोखंडी टोपीचे बूट. दुसरे होते कुणाकडे? किल्ल्यावर जायला वेगळे बूट लागतात हे त्यांना तेव्हा कुणी सांगितलं असतं तर त्यांनी त्याला कॅन्टीनमध्ये तासभर चिडवलं असतं.

आता मात्र ते समाधानच्या दुकानात आठवड्यातून तीन संध्याकाळी बसतात. संध्याकाळीच का, तर दिवसभर उभं राहून पाय सुजलेला असतो, सकाळी घेतलेला बूट डोंगरावर आखूड होतो. गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न, "मोजे कुठले घालणार?" बारीक मोजे घालून आला असेल तर ट्रेकचे जाड मोजे हातात. मग दोन्ही पाय मोजायचे, मोठा असेल त्याचा नंबर धरायचा. नाड्या सैल सोडून पाय पुढे ढकलायचा, बोटं टोकाला लागली की टाचेमागे एक बोट जायला हवं. मग टाच मागे बसवायची, ज्ञानदेव स्वतः खाली बसून नाडी आवळणार, आणि चल फळीवर. उतरताना बोट पुढे आपटलं तर तो बूट परत भिंतीवर.

त्यांच्या खाली बसण्यावरून कंपनीत एका चार्जमनने एकदा टोमणा मारला होता, "ओव्हाळ, पायाशी बसायची सवय जात न्हाई बघ." ज्ञानदेव मान न उचलता म्हणाले, "पायाशी बसतोय म्हणून तुमचा पाय शाबूत हाय साहेब. वर बसणाऱ्यांनी काय शाबूत ठेवलंय ते युनियनच्या सभेत सांगतो." ते त्यांनी सांगितलंही. नाडी मात्र पुढेही स्वतःच बांधत राहिले.

तर एका सोमवारी संध्याकाळी रुपाली आली. चाकणच्या एका कारखान्यात पेंट शॉपला काम करणारी, धाराशिवकडची, काळेवाडीत दोन मैत्रिणींबरोबर राहणारी मुलगी. तीन आठवड्यांपूर्वी इथूनच तिने बूट नेले होते. आता पिशवीतून ते काढून तिने काउंटरवर आपटले.

"काका, हे बघा तुमचे बूट!"

आणि चप्पल काढून पाय पुढे केला. दोन्ही अंगठ्यांची नखं जांभळी-काळी पडली होती.

"कुठं गेलतीस?"

"राजमाची. चढताना काहीच न्हाई. कोंदिवड्याकडं उतरताना असं वाटलं, कुणी हातोडी मारायलंय. शेवटचा तासभर मी आडवी चालले, खेकड्यावानी. आमचा लीडर म्हणला, ह्याच्यावर औषध न्हाई. आता रविवारी आमची हिमालयाची गाडी हाय. शेवटचा दिवस नुसता उतार, सात तास. लीडर म्हणतो, पाय असाच असंल तर तुला न्यायची रिस्क मी घेत न्हाई. दोन वर्षं रजा साठवलीय मी, काका. एक नंबर मोठा द्या."

समाधान हात पुढे करून म्हणाला, "देतो ताई, बदलून देतो." गिऱ्हाईकाशी भांडू नये हे त्याचं तत्त्व.

"थांब," ज्ञानदेव म्हणाले. "मी स्वतः बघून दिलाय हा बूट."

"काका, नखं काळी पडलीयत तिची. बघताय ना?"

"बघतोय. डोळे आहेत मला."

रुपाली उसळली, "मग काय माझी नखंच खोटी?"

ज्ञानदेवांच्या कानाची पाळी लाल झाली. नखांवर त्यांनी अंगठा दाबला तेव्हा ती कळवळली नाही, म्हणजे मार जुना झाला होता, दुखणं ओसरलं होतं. नखं वाढलेलीही नव्हती, आडवी नीट कापलेली होती. मग बूट? दुसरं कुणी असतं तर त्यांनी तिथंच वाद जिंकायला घेतला असता. पण अंगठ्याचा तो रंग बघून ते थांबले. हा रंग त्यांनी आधी पाहिला होता.

एक्क्याण्णव साल. नवनाथ, प्रेस शॉपचा, राजमाचीवरून त्याच वाटेने उतरताना अर्ध्यात बसला. बूट काढला तर मोज्याला रक्त. दोन जणांनी खांद्यावर हात घेऊन त्याला खाली आणला आणि परतीच्या गाडीत तो सगळा वेळ हसत होता, म्हणून जास्तच वाईट वाटलं. "आठ नंबर लहान पडतोय रे," म्हणाला. ज्ञानदेवांनी स्टोअरमधून नियम मोडून नऊ काढून दिला. पुढच्या ट्रेकला आधीपेक्षा वाईट. दोन्ही नखं गळाली. नवनाथ परत कधी गुरुवारी आला नाही. म्हणायचा, माझे पायच डोंगराचे नाहीत. मंडळी हळूहळू पांगली तरी ज्ञानदेवांना मनात वाटत राहिलं, पहिली वीट आपण काढली.

"बस," ते रुपालीला म्हणाले. "नंबर मी परत बघतो."

सवयीने ते खाली बसले, बूट हातात घेतला आणि नाडी सोडायला गेले. तिथेच थबकले. गाठ दुहेरी होती, टोकं आत खोचलेली. यंत्रात अडकू नयेत म्हणून स्टोअरमध्ये ते तशीच बांधत आणि आजही तशीच बांधतात. गाठीच्या घड्यांत राजमाचीची लाल माती वाळून बसली होती. वरच्या दोन हुकांतून मात्र नाडी काढलेली, गाठ घोट्यासमोर सैल लोंबत होती.

"ही गाठ कुणी बांधली?"

"तुमीच की. त्या दिवशी."

"त्यानंतर सोडली नाहीस?"

"कशाला? वरचे हुक काढले की पाय बसतोय आत." तिने दुसरा बूट पायात सरकवला, एका सेकंदात, आणि दुसऱ्या पायाने टाच दाबून काढूनही दाखवला. "शॉपमधी दिवसाला चारदा शूज बदलावे लागतात, काका. आत वेगळे, कॅन्टीनला वेगळे. चहाला धा मिनटं. नाड्या बांधत बसलं तर चहा कोण पिणार? सगळेच असं करतात."

सगळेच असं करतात. ज्ञानदेव फरशीवर बसूनच राहिले. प्रेस शॉपमधून भोंग्याबरोबर पळत येणारा नवनाथ त्यांना दिसला. त्याच्या नाड्या महिनोन्महिने सुटत नव्हत्या, यावरून सगळे त्याला हसायचे. आठ नंबर बरोबर होता. पाय बुटात घसरून पुढे जात होता, आणि त्यांनी त्याला घसरायला आणखी जागा दिली होती. फळीवर सगळं नेहमीच बरोबर दिसायचं, कारण फळीवर चढायच्या आधी नाडी बांधायचे ज्ञानदेव. डोंगरावर ती कोण बांधून देणार होतं?

"काका, काय झालं?" समाधान घाबरला.

"गाढवपणा झाला. माझा. बत्तीस वर्षं."

मग त्यांनी मोढा ओढला, स्वतः वर बसले आणि रुपालीला खाली बसवलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी गिऱ्हाईकाला स्वतःची नाडी बांधायला लावली.

"खालून पूर्ण ढिली कर. पाय घाल. आता टाच जमिनीवर आपट, दोनदा, मागे बसली पाहिजे. हां. पंजावर फार आवळू नकोस, बोटांना श्वास पाहिजे. आता पाय जिथं वाकतो ना, तिथं दोन्ही नाड्या एकमेकींत दोनदा पीळ आणि ओढ. ओढ की, चहाची घाई नाही इथं! हा पीळ खालचं ढिलं होऊ देत नाही. मग वरचे हुक, आणि गाठ."

ती फळीवरून उतरली. मग आधी घालायची तशी, हुक सोडून उतरली. दुसऱ्या खेपेला तिचा चेहराच बोलला.

"लागलं न्हवं?"

"लागलं," ती म्हणाली. "म्हणजे नंबर बरोबरच हाय?"

"नंबर बरोबर होता. शिकवलं नव्हतं मी."

त्या रात्री जेवण झाल्यावर त्यांनी नवनाथला फोन लावला. तो आता गावी असतो, नातवंडांत.

"नवनाथ, तुझ्या पायांत काही दोष नव्हता. तू नाड्या सोडत नव्हतास. आणि मी तुला नऊ दिला, ते चुकलं."

पलीकडे नवनाथने टीव्हीचा आवाज बारीक केला.

"चौतीस वर्षांनी फोन करून हे सांगतोस?" नवनाथ म्हणाला. "नखं कवाच परत आली की रे." आणि गाडीत हसला होता तसाच हसला. ज्ञानदेवांना मात्र चष्मा पुसावा लागला.

फळीचा उतार चार फूट. तेवढ्यावर सात तासांच्या उताराची खात्री द्यायला ज्ञानदेव तयार नव्हते. म्हणून गुरुवारी रुपालीने, तिच्या कारखान्याला त्या दिवशी सुट्टी नसल्याने, सेकंड शिफ्ट घेतली आणि सकाळी दोघं घोरवडेश्वरच्या डोंगरावर गेले. लेण्यांपर्यंत ज्ञानदेव तिच्याबरोबर चढले, धापा टाकत. लेण्यांत जरा टेकले. त्यांच्या तरुणपणी इथून खाली बघितलं की धुराडी मोजता यायची, आता इमारती मोजवत नाहीत. रुपाली डबा काढत म्हणाली, "तुमची ती गुरुवारची माणसं इथं यायची?"

"सरावाला. ठेचा विसरला त्याला परत खाली धाडायचे."

"मग मी बरी." तिने डब्यातला ठेचा पुढे केला.

उतरायच्या आधी त्यांनी तिला पुन्हा नाड्या सोडून बांधायला लावल्या. चढताना ढिलं झालेलं उतरताना भोवतं. रुपाली पायऱ्या उतरली, पुन्हा वर आली, पुन्हा उतरली. असं पाच वेळा. पहिल्या तीन खेपांना ज्ञानदेव मधल्या वळणावर बसून तिची टाच बघत होते, नंतर नुसतेच बसले. शेवटच्या खेपेला तिने वाट सोडून बाजूचा मुरमाड उतार धरला, मुद्दाम पाय आपटत.

खाली आल्यावर ती दगडावर टेकली आणि घाईत दुसऱ्या पायाने टाच दाबायला गेली.

"ए!" ज्ञानदेव वरून ओरडले. चार जण वळून बघायला लागले.

रुपालीने जीभ चावली. वाकून गाठ सोडली, पीळ सोडला, बूट काढला, मोजा काढला. अंगठ्याचं नख तिने आधी हळू दाबलं, मग जोरात. मग दुसरा बूट काढून दुसरं. जुना काळा डाग तसाच होता, पण कुठेही लाल नाही, कुठेही ठणक नाही. ज्ञानदेव येईपर्यंत तिने लीडरला फोन लावलाही होता.

"हां भाऊ, रुपाली बोलतीय. माझी सीट दुसऱ्याला देऊ नका. न्हाई, बूट तेच. येतेय मी."